लेण्यांचा फोटो आला की उत्तर कसं शोधायचं: कार्ले, भाजे, अजिंठा, वेरूळ आणि कैलास

इतिहासाच्या पेपरात चित्र येतं, खाली चार पर्याय असतात, आणि त्यातलं निम्मं पब्लिक "हे कुठेतरी पाहिलंय" या जोरावर टिक करून मोकळं होतं. देवळांच्या आणि मकबऱ्यांच्या फोटोत हे कधीकधी चालूनही जातं, कारण ताजमहाल ओळखायला काही लागत नाही. पण लेण्यांच्या फोटोत हमखास फसायला होतं, कारण चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनेच्या दालनाच्या, आतले फोटो पहिल्या नजरेत सगळे सारखेच दिसतात. दोन बाजूंना खांबांच्या रांगा, वर कमानदार छत, टोकाला स्तूप. म्हणून या लेखात फक्त खोदीव लेण्यांबद्दलच बोलतोय, आणि तेही "ओळखायचं कसं" यापेक्षा "पर्याय कापायचे कसे" या अंगाने, कारण परीक्षेत ते जास्त कामाचं आहे. चारातले तीन कापता आले तर चौथं लेणं तुम्ही आयुष्यात पाहिलेलं नसलं तरी चालतं.

आधी पर्याय वाचा, मग फोटो बघा

सगळे उलटं करतात. फोटो बघतात, मनात एक नाव पक्कं करतात आणि मग ते नाव पर्यायात शोधतात, मिळालं की खूश. त्यापेक्षा आधी चार नावं वाचा आणि स्वतःला विचारा की या चौघांत फरक नेमका कशाचा आहे. समजा पर्याय भाजे, कार्ले, अजिंठा १९ आणि वेरूळ १० असे आहेत. चारही चैत्यगृहंच आहेत, चारही बौद्ध, चारही महाराष्ट्रातली, म्हणजे छत कमानदार आहे का, स्तूप आहे का हे बघून काहीच हाती लागत नाही. फरक आहे तो स्तूपावर मूर्ती आहे का यात आणि खांब कसे आहेत यात. आता फोटोत तेवढंच शोधायचं. पण पर्याय लोमस ऋषी, कार्ले, कैलास आणि महाबलीपुरमचं किनाऱ्यावरचं मंदिर असे असतील तर खांबांकडे बघत बसायची गरजच नाही, तिथे प्रश्न वेगळा आहे, डोंगरात खोदलंय की दगड रचून बांधलंय आणि दर्शनी भाग कसा आहे.

रंगावर अजिबात विसंबू नका. पेपरातला फोटो बहुतेक वेळा काळापांढरा आणि धुरकट छापलेला असतो, त्यामुळे सह्याद्रीचा काळपट बेसाल्ट आणि बदामीचा तांबूस वालुकाश्म हा प्रत्यक्षात डोळ्यात भरणारा फरक कागदावर गायब होतो. ऑनलाइन पेपरात रंगीत फोटो असेल तर फायदा घ्या, नाहीतर आकारावर राहा.

खोदलेलं की बांधलेलं

हे ठरवायला दोन गोष्टी बघायच्या. एक, भिंतीवर सांधे दिसतात का. बांधीव देवळात दगडांचे थर असतात आणि त्या थरांत मध्येमध्ये छोट्या उभ्या रेघा असतात, कारण एक दगड संपून दुसरा सुरू होतो. नुसत्या आडव्या रेघा दिसल्या तर गडबडू नका, बेसाल्टलाही नैसर्गिक आडवे थर असतात आणि कोरीव पट्ट्यांच्याही रेघा दिसतात. उभे सांधे महत्त्वाचे. दुसरी गोष्ट, वास्तूच्या मागे आणि बाजूला काय आहे. खोदलेल्या वास्तूच्या कडेला न घडवलेला ओबडधोबड कडा कुठेतरी फोटोत येतोच, अगदी कोपऱ्यात का होईना.

याच पायरीवर कैलासचा प्रश्न सुटतो. वेरूळचं १६ नंबरचं लेणं म्हणजे कैलास, ८व्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या नावाशी जोडलेलं. त्याच्याबरोबर पर्यायात हमखास टाकतात ती नावं म्हणजे पट्टदकलचं विरूपाक्ष, कांचीचं कैलासनाथ आणि महाबलीपुरमचं किनाऱ्यावरचं मंदिर. हे जाणूनबुजून टाकतात, कारण चारही द्राविड शैलीतले आहेत, चारही साधारण ८व्या शतकातले आहेत, आणि विरूपाक्ष आणि कैलास यांचं साम्य तर खरोखरच खूप आहे. म्हणजे नुसतं "पायऱ्यापायऱ्यांचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, दिसतंय, द्राविड आहे" एवढ्यावर एकही पर्याय कटत नाही. पण चौघांपैकी खोदलेलं एकच आहे. तीन बाजूंना उंच कडा आणि देऊळ खड्ड्यात उभं असल्यासारखं दिसलं की बाकीचे तीन गेले. कडा क्रॉप केला असेल तर खाली जोत्याकडे बघा, तिथे हत्तींची रांग पाठीवर देऊळ तोलून धरल्यासारखी कोरलेली आहे, आणि अंगणात दोन मोठे सुटे स्तंभ उभे आहेत. वरून काढलेला फोटो असेल तर मंडपाच्या छतावर मोठं कमळ आणि त्यावर सिंह दिसतात, हा अँगल आजकाल बराच वापरतात. उलट समुद्र किंवा वाळू दिसली आणि झिजलेली दोन शिखरं जवळजवळ दिसली तर ते महाबलीपुरमचं किनाऱ्यावरचं मंदिर, ते बांधीव आहे. कांचीचं कैलासनाथ ओळखायचं ते मागच्या पायांवर उभ्या असलेल्या सिंहांच्या खांबांवरून आणि अंगणाच्या भिंतीला लागून असलेल्या छोट्या छोट्या देवळ्यांच्या ओळीवरून.

महाबलीपुरममध्येच अजून एक सापळा आहे तो पाच रथांचा. ते खोदीवच आहेत, एकेका अखंड खडकातून काढलेले, ७व्या शतकातले, पण त्यांच्याभोवती कडा नाही, ते मोकळ्या वाळूत उभे आहेत आणि शेजारी दगडाचा पूर्ण आकाराचा हत्ती आहे. "अखंड खडकात कोरलेलं म्हणजे कैलास" असं समीकरण डोक्यात पक्कं असेल तर इथे मार्क जातो.

चैत्यगृह आहे की अजून काही

आतला फोटो असेल तर स्तूप शोधा. स्तूप टोकाला आणि खांब त्याच्यामागून अर्धवर्तुळात फिरून आलेले, वर कमानदार छत, तर चैत्यगृह. सपाट छत, मधे चौकोनी दालन आणि भिंतींना छोट्या खोल्यांचे दरवाजे, तर विहार. सपाट छत, जाडजूड खांब आणि भिंतीवर मोठमोठी शिल्पं, तर बहुधा हिंदू लेणं, म्हणजे घारापुरी किंवा बदामीच्या बाजूला जायचं. त्यात तीन तोंडांची प्रचंड सदाशिवमूर्ती दिसली तर घारापुरी, आणि व्हरांड्यात नागाच्या वेटोळ्यांवर बसलेला विष्णू दिसला तर बदामीचं ३ नंबरचं लेणं, ज्यात ५७८ सालचा शिलालेख आहे.

फोटोऐवजी नकाशा म्हणजे प्लॅन दिला तर हेच तत्त्व. एक टोक गोल आणि खांबांची घोड्याच्या नालासारखी रांग असेल तर चैत्य, चौकोन आणि भोवती खोल्या असतील तर विहार. एकच अपवाद लक्षात ठेवा, अजिंठ्याचं ९ नंबर. ते चैत्यगृह असूनही त्याची बाहेरची भिंत चौकोनी आहे, फक्त आतले खांब गोल फिरतात.

स्तूपावर बुद्ध आहे का

चैत्यगृहाच्या आतल्या फोटोतला हा सगळ्यात मोठा फिल्टर. सुरुवातीच्या काळात, म्हणजे साधारण इ.स.पू. २ऱ्या शतकापासून इ.स. २ऱ्या शतकापर्यंत, स्तूप साधा असतो, खाली ढोलासारखा भाग, वर अंड म्हणजे घुमट, त्यावर हर्मिका म्हणजे चौकोनी कठड्यासारखा भाग. बुद्धाची मूर्ती नाही. भाजे, बेडसे, कार्ले, अजिंठा ९ आणि १० या गटात येतात. ५व्या शतकात वाकाटकांच्या काळात अजिंठ्याला पुन्हा काम सुरू झालं तेव्हा स्तूपाच्या पुढच्या बाजूलाच बुद्धमूर्ती आली. अजिंठा १९, २६ आणि नंतर ७व्या शतकाच्या सुमाराचं वेरूळ १० हे या दुसऱ्या गटात. पुस्तकात याला हीनयान आणि महायान असं लिहिलेलं असतं, पेपरातही तेच शब्द येतात, म्हणून तसेच लक्षात ठेवा.

पण हा नियम स्तूपालाच लावायचा, दर्शनी भिंतीला नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण इथेच भलेभले चुकतात. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर बुद्धमूर्ती आहेत, कान्हेरीच्या ३ नंबर लेण्याच्या व्हरांड्यात तर दोन टोकांना दोन प्रचंड उभे बुद्ध आहेत. ते सगळे नंतर, मूळ लेणं खोदून झाल्यावर काही शतकांनी कोरलेले. त्या बुद्धांवरून "महायान चैत्य" असं उत्तर दिलं की चुकलंच.

आता खांब

स्तूप साधा निघाला आणि पर्यायात भाजे आणि कार्ले दोन्ही राहिले तर खांब निकाल लावतात. भाज्याचे खांब अष्टकोनी, एकदम साधे, ना खाली कुंभ ना वर शिल्प, आणि चक्क आतल्या बाजूला कललेले. हा कल लाकडी बांधकामाच्या सवयीतून आलेला आहे, लाकडात कमानीचा रेटा पेलायला खांब तिरपे ठेवतात, दगडात खोदताना त्याची काही गरज नव्हती तरी कारागिरांनी तो तसाच ठेवला. फोटोत कल तपासायचा तर पेन किंवा कागदाची कड खांबाला लावून बघा, डावी रांग उजवीकडे आणि उजवी रांग डावीकडे झुकली असेल तरच तो खरा कल. दोन्ही रांगा एकाच बाजूला झुकल्या असतील तर कॅमेराच वाकडा धरला होता. आणि दोन्ही रांगा वर जाताना एकमेकींच्या जवळ येताना दिसतात पण फोटो खालून वर बघत काढलाय असं वाटत असेल, तर कलावर फार भर देऊ नका, खांबाच्या डोक्यावर काय आहे ते बघा.

कार्ल्याचे खांब सरळ उभे. एकूण ३७ आहेत, त्यातले दोन्ही बाजूंचे १५-१५ सजवलेले, पायाशी पायऱ्यांवर कुंभ, वर उलट्या कमळासारखं किंवा घंटेसारखं शीर्ष आणि त्याच्यावर हत्तींवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. स्तूपामागचे ७ मात्र साधे अष्टकोनी. म्हणजे फोटो फक्त स्तूपाच्या मागच्या भागाचा क्रॉप केलेला असेल तर साधे खांब बघून भाजे ठोकू नका, एक तरी बाजूचा खांब फ्रेममध्ये आहे का बघा. कार्ल्याची अजून एक खूण म्हणजे स्तूपावरचं लाकडी छत्र, ते अजून टिकलेलं आहे. छताच्या लाकडी फासळ्या कार्ल्यालाही आहेत आणि भाज्यालाही, त्यामुळे फासळ्यांवरून या दोघांत निवड होत नाही. अजिंठा १९ आणि वेरूळ १० मध्ये मात्र फासळ्या दगडातच कोरलेल्या आहेत, पण छापील फोटोत लाकूड की दगड हे कळणं कठीण, म्हणून ती खूण शेवटची ठेवा.

अजिंठा १० पण साध्या अष्टकोनी खांबांचं आहे, मग भाज्यापासून वेगळं कसं करायचं? त्याच्या खांबांवर चित्रं आहेत, प्रभामंडळ असलेले बुद्ध रंगवलेले, ते नंतरचे असले तरी फोटोत खांब डागाळलेले, चित्रांनी भरलेले दिसतात. भाज्याचे खांब उघडे दगडी दिसतात.

एक प्रश्न पूर्ण सोडवून बघू

फोटो आतला आहे. मधे स्तूप, स्तूपाच्या पुढे पाय खाली सोडून बसलेला मोठा बुद्ध, दोन बाजूंना मोठ्या उभ्या आकृती, बुद्धाच्या डोक्यावर झाडासारखी नक्षी. खांब तुलनेने साधे. पर्याय कार्ले, अजिंठा १९, अजिंठा २६, वेरूळ १०.

स्तूपावर बुद्ध आहे, कार्ले गेलं. आता बुद्ध उभा की बसलेला हे बघा. अजिंठा १९ मध्ये स्तूपावर उभा बुद्ध आहे आणि त्याच्यावर एकावर एक तीन छत्रं थेट छतापर्यंत गेलेली आहेत. फोटोत बुद्ध बसलेला, म्हणजे १९ पण गेलं. उरले २६ आणि वेरूळ १०, आणि इथे खरी अडचण आहे, कारण दोन्हीकडे बुद्ध पाय खाली सोडूनच बसलाय. आता मूर्ती सोडून आजूबाजूला बघायचं. अजिंठा २६ भयंकर भरगच्च आहे, खांब कोरलेले, खांबांच्या वरची पट्टी कोरलेली, स्तूपाचा ढोलसुद्धा मूर्तींनी भरलेला आणि बुद्ध त्यात एका छोट्या देवडीत बसवल्यासारखा दिसतो. डाव्या भिंतीवर आडवा झोपलेला बुद्ध, म्हणजे महापरिनिर्वाण, फ्रेममध्ये आलं तर प्रश्न तिथेच संपला. वेरूळ १० मध्ये मात्र बुद्ध आणि बाजूचे दोन बोधिसत्त्व मिळून इतकं मोठं शिल्प पुढे आलंय की मागचा स्तूप जवळजवळ झाकला जातो, वर बोधिवृक्ष आहे आणि खांब साधे आहेत. आपल्या फोटोत साधे खांब आणि झाड दोन्ही आहे, म्हणून उत्तर वेरूळ १०, ज्याला विश्वकर्मा किंवा सुतार का झोपडा म्हणतात. बघा, "विश्वकर्मा लेणं कसं दिसतं" हे पाठ नसतानाही तीन पायऱ्यांत आलं.

बाहेरचा फोटो असेल तर

दर्शनी भागात सगळ्यांची नजर नालाच्या आकाराच्या मोठ्या कमानीकडे जाते, आणि ती कमान जवळपास सगळ्यांनाच आहे. फरक तिच्या खाली काय आहे त्यात. भाज्याला खाली काहीच नाही, समोरचा लाकडी पडदा नष्ट झाला त्यामुळे कमान जमिनीपर्यंत सताड उघडी आहे आणि आतला स्तूप बाहेरूनच दिसतो. कार्ल्याला दगडी भिंत आहे, तिच्यात दारं आणि बाजूला जोडप्यांची शिल्पं, व्हरांड्याच्या बाजूच्या भिंतींवर हत्ती, आणि बाहेर डावीकडे सिंहाचं शीर्ष असलेला उंच स्तंभ. उजवीकडे एकवीरा आईचं देऊळ फ्रेममध्ये आलं तर मग काही विचारायलाच नको. कान्हेरी ३ ही कार्ल्याचीच नक्कल, जोडपी तिथेही आहेत, पण व्हरांड्यातले ते दोन प्रचंड उभे बुद्ध कार्ल्याला नाहीत. बेडशाला व्हरांड्यातच उंच खांब असून त्यांच्या डोक्यावर प्राण्यांवर बसलेली जोडपी आहेत.

अजिंठा १९ चा दर्शनी भाग छोटा पण बुद्धमूर्तींनी गच्च भरलेला, दोन खांबांचं छोटं प्रवेशमंडप, आणि बाजूला डावीकडे नागराजा राणीसह बसलाय. वेरूळ १० बाहेरून दुमजली दिसतं, वर सज्जा आहे आणि मोठ्या कमानीऐवजी छोटीशी, जवळजवळ गोल खिडकी. म्हणूनच बाहेरून ते चैत्यगृह वाटतच नाही आणि लोक त्याला विहार समजून कापतात.

लोमस ऋषी लेणं बिहारच्या बराबर टेकड्यांत आहे, मौर्यकालीन. तिथे पण कमान आहे, पण छोटी, दाराभोवतीच, आणि कमानीच्या पट्टीत हत्तींची मिरवणूक कोरलेली. बाकीचा खडक कोरा आणि गुळगुळीत. आत खांब नाहीत. खांब नसलेलं, एकाच दाराचं आणि हत्तींची पट्टी असलेलं चित्र आलं तर पर्यायात कार्ले, नाशिक काहीही असू दे, ते लोमस ऋषीच.

आणि शेवटी ही नालाकृती कमान शिखरावर छोट्या आकारात वारंवार दिसली, म्हणजे महाबलीपुरमच्या रथांवर किंवा कैलासवर दिसते तशी, तर तिला चैत्यगृहाची खूण समजू नका. द्राविड देवळांत ती नुसती सजावट म्हणून येते, तिथे तिला कुडू म्हणतात. कमान वास्तूचं तोंड आहे की भिंतीवरची नक्षी आहे हे बघायचं. तिच्यातून उजेड आत जाण्यासारखी असेल तर ती खिडकी, नाहीतर नक्षी.

सरावासाठी एक करा. आपल्या पुस्तकातले किंवा जुन्या पेपरातले फोटो घ्या, खालचं नाव झाका, आणि नाव आठवायचा प्रयत्न न करता फोटोखाली फक्त "हे काय नाही" ते लिहा, प्रत्येक नकाराला फोटोतली एक खूण जोडून. "भाजे नाही, कारण खांबांवर हत्ती आहेत", असं. ज्या नकाराला खूण सापडत नाही तो पर्याय अजून जिवंत आहे असं धरा आणि फोटोकडे परत जा, पहिल्यांदा बहुतेक वेळा खांबाचं डोकं नाहीतर स्तूपाची पुढची बाजू नीट बघायची राहिलेली असते.